सभावृत्तांताचे लेखन
लेखांक सहावा : हितसंबंधाची घोषणा आणि घरातली गोष्ट

मागील लेखांकात ठरावाचा सूचक, अनुमोदक आणि मतदान यांच्या नोंदीविषयी आपण पाहिले. या आठवड्यात जो विषय घ्यावयाचा आहे तो त्याहून नाजूक आहे. कारण हितसंबंधाची घोषणा करणारा सभासद आपल्या प्रामाणिकपणामुळेच समितीपुढे घरातल्या अनेक गोष्टी बोलून जातो, आणि त्यांतले काय दप्तरात जावे व काय सभागृहातच राहावे याचा निर्णय त्या क्षणी एकट्या चिटणिसाच्या लेखणीवर येऊन पडतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेऊ. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन दरपत्रके आली आहेत. व्यवस्थापक समिती अकरा जणांची असून गणपूर्तीला सहा लागतात, आणि सभेस सात हजर आहेत. विषय पुकारला जाताच एक सदस्य, ज्यांना आपण श्री. अ. म्हणू, उठून सांगतात की दुसरे दरपत्रक ज्या कंत्राटदाराचे आहे तो त्यांच्या पत्नीचा भाऊ. त्या धंद्यात त्यांची स्वतःची भागीदारी नाही. परंतु गेल्या वर्षी मुलाच्या मानसिक आजाराच्या उपचारासाठी याच मेहुण्याकडून त्यांनी काही लाखांची उसनवारी केली असून ती अद्याप फिटलेली नाही. एवढे सांगून ते बाहेर जातात. त्यांनी केले ते सर्वथा योग्यच केले. आदर्श उपविधींप्रमाणे ज्या विषयात स्वतःचा हितसंबंध आहे त्याच्या चर्चेच्या वेळी सदस्याने उपस्थित राहू नये अशीच अपेक्षा आहे.

आता हे सारे बोलणे जसेच्या तसे वहीत उतरले तर काय होईल, ते पाहावे. समितीच्या सभांचे इतिवृत्त पाहण्याचा आणि शुल्क भरून त्याची नक्कल मागण्याचा हक्क सभासदाला कायद्यानेच दिलेला आहे, आणि तो योग्यच आहे. शिवाय कच्चा मसुदा आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवरून सदस्यांकडे जातो आणि तेथून कोठवर जाईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. ज्या मुलाचा गच्चीशी, दरपत्रकाशी किंवा समितीशी काडीचाही संबंध नाही, त्याचा आजार संपूर्ण इमारतीच्या तोंडी होईल. आणि पुढील वेळी ज्या सदस्यावर असाच प्रसंग येईल तो घोषणा करण्यापेक्षा गप्प बसणे पसंत करील. हा दुसरा परिणाम मला पहिल्याइतकाच गंभीर वाटतो, कारण त्यात संस्थेचेच नुकसान आहे.

परंतु या भीतीने दुसऱ्या टोकाला जाणारे चिटणीसही मी पुष्कळ पाहिले आहेत. ‘श्री. अ. हे वैयक्तिक कारणास्तव काही वेळ सभेबाहेर होते’ एवढेच ते लिहितात. या वाक्यावरून श्री. अ. यांना फोन आला होता की त्यांचा कंत्राटदाराशी संबंध होता, हे लेखापरीक्षकाला कळणार नाही. दोन वर्षांनी कोणी हरकत घेतली तर श्री. अ. यांच्या बाजूने दाखवायला दप्तरात एक अक्षरही सापडणार नाही. सद्भावनेने लपवलेली घोषणा कागदोपत्री न केलेल्या घोषणेसारखीच दिसते.

मग कसोटी कोणती? प्रत्येक तपशिलाविषयी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा तपशील गाळला तर निर्णय नियमानुसार झाला की नाही, हे ठरविणे कठीण होईल काय? मुलाचा आजार गाळला तर काहीच बिघडत नाही. उसन्या रकमेचा आकडाही गाळता येतो. पण कंत्राटदाराशी आर्थिक व्यवहार आहे ही गोष्ट मात्र गाळता येत नाही, कारण नुसत्या नात्याहून ती निराळी आणि अधिक वजनाची आहे. नाते ‘निकटचे’ एवढे म्हटले की पुरे. मेहुण्याचे नाव स्वतंत्रपणे लिहिण्याची गरज नाही, दरपत्रकाचा क्रमांक दिला म्हणजे संबंध कोणाशी ते स्पष्ट होते. आणि धंद्यात भागीदारी नाही, हे वाक्य तर अवश्य लिहावे. संस्थेशी होणाऱ्या करारात पदाधिकाऱ्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असू नये असे उपविधी सांगतात. म्हणून कंत्राट स्वतःच्या भागीदारीतल्या पेढीचे असते तर नुसती घोषणा करून आणि बाहेर जाऊन भागले नसते, ते दरपत्रकच बाजूला ठेवावे लागले असते.

या विचाराने नोंद अशी होते :

‘विषय क्र. 4. चर्चा सुरू होण्यापूर्वी श्री. अ. यांनी दरपत्रक क्र. 2 देणाऱ्या कंत्राटदाराशी आपले निकटचे नाते व आर्थिक व्यवहार असल्याचे, तसेच त्याच्या व्यवसायात आपली भागीदारी नसल्याचे सांगितले. ते सायंकाळी 7.20 वाजता सभेबाहेर गेले. त्यांनी चर्चेत व मतदानात भाग घेतला नाही. उर्वरित सहा सदस्यांच्या उपस्थितीत गणपूर्ती असल्याची खात्री करून तिन्ही दरपत्रकांच्या तुलनात्मक तक्त्यावर चर्चा झाली.’

यानंतर ठराव, त्याची कारणे, आणि श्री. अ. 7.45 वाजता परत आल्याची नोंद. गणपूर्तीचे वाक्य सवयीने गाळले जाते. पण त्या दिवशी सातांऐवजी सहाच हजर असते, तर श्री. अ. बाहेर जाताच पाच उरले असते आणि विषय पुढील सभेवर टाकणे हाच सुरक्षित मार्ग होता. दरपत्रक क्र. 2 च मंजूर झाले असेल तर कारणे विशेष काळजीने लिहावीत, कारण संशय तेथेच येणार.

कधीकधी आकडाही आवश्यक ठरतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 184 मध्ये संचालकाचा दुसऱ्या कंपनीतील हिस्सा दोन टक्क्यांहून अधिक असल्यास त्याने हितसंबंध उघड करावयाचा असतो. तेथे ‘दोन टक्क्यांहून अधिक भागधारणा’ एवढे लिहावे, नेमके किती समभाग आणि ते केव्हा घेतले याचा पाढा इतिवृत्तात नको. हितसंबंधी संचालकाने चर्चेत भाग घेतला नाही व मत दिले नाही, ही नोंद कंपनी सचिवांच्या संस्थेने ठरविलेल्या सचिवीय मानकातही अपेक्षित आहे.

अधिक तपशील कोठे तरी असणे जरूर वाटले तर सदस्याकडून सहीचे स्वतंत्र घोषणापत्र घ्यावे, ते चिटणिसाच्या ताब्यातील बंद लिफाफ्यात ठेवावे आणि इतिवृत्तात फक्त त्याचा क्रमांक व तारीख द्यावी. मात्र निर्णयाला आवश्यक असलेली बाब लिफाफ्यात आणि अनावश्यक बाब वहीत, अशी उलट व्यवस्था होऊ देऊ नये. आणि लेखापरीक्षकाने वा निबंधकाने रीतसर मागणी केल्यास तो लिफाफा उघडावा लागेल, हे सदस्याला आधीच सांगावे.

सदस्याने स्वतः काही सांगितले नाही आणि दुसऱ्याने प्रश्न उपस्थित केला, तर ‘आरोप केला’ असे शब्द टाळून ‘अध्यक्षांनी विचारणा केली असता श्री. अ. यांनी सांगितले की…’ असे लिहावे. विचारणा आणि उत्तर या दोनच गोष्टी नोंदीच्या आहेत.

नको तो मजकूर मसुद्यात गेलाच असेल तर पुढील सभेत इतिवृत्त वाचून कायम होण्यापूर्वी तो काढता येतो, आणि दुरुस्ती झाल्याची नोंद त्या सभेच्या वृत्तांतात, काढलेला मजकूर पुन्हा न लिहिता, करता येते. एकदा कायम झालेल्या पानावर पांढरी शाई फिरवणे किंवा पान फाडणे हे मात्र कोणत्याही कारणाने करू नये. त्याने संपूर्ण वहीची विश्वसनीयता जाते.

माझी चिटणीस बंधुभगिनींना विनंती एवढीच की, घोषणा करणारा सदस्य बाहेर जाण्यापूर्वी त्याच्या घोषणेचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे आणि ‘असे लिहू का?’ म्हणून विचारावे. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि दुरुस्ती करण्यास तीच सर्वांत योग्य वेळ असते.