भेटीला कारण हवं

द्वारकेश पटेल हा तरुण 2020 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत होता. करोनाच्या त्या दिवसांत त्याने मुलाखतींची मालिका सुरू केली आणि पहिला पाहुणा म्हणून अर्थशास्त्रज्ञ ब्रायन कॅप्लन यांना विचारलं. मालिकेला तेव्हा ना नाव होतं, ना श्रोते. तरी कॅप्लन आले. पुढे सत्या नाडेला आणि मार्क झुकरबर्गही त्याच्यासमोर बसले. एकेका पाहुण्याचं लिखाण वाचण्यात आपले आठवडे जातात, असं पटेल सांगतो. मला यातलं खरं भांडवल तेच वाटतं.

‘सर, एकदा भेटायचं होतं’ या निरोपाला जाणकार माणूस काय उत्तर देणार? किती वेळ जाईल, शेवटी काय मागितलं जाईल, काहीच कळत नाही. मुलाखतीचा विषय आणि वेळ ठरलेली असते आणि त्यांचं बोलणं पुढे इतरांच्याही कामी येतं. शिवाय ‘मला शिकवा’ म्हणायला तुम्हाला जो संकोच वाटतो, तोही उरत नाही.

समजा, तुम्हाला मोडी लिपीची गोडी लागली आहे आणि मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त अभ्यासकांना भेटायचं आहे. ‘मोडीचा इतिहास सांगाल का?’ असं विचारलंत, तर शंभर व्याख्यानांत सांगितलेलंच ते पुन्हा सांगतील. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, अशी रीत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर सारखेच दिसतात. एवढं कळल्यावर त्यांच्याच पुस्तकात छापलेलं एखादं पत्र घ्या आणि त्यांचं देवनागरी वाचन शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहा. कुठेतरी अडाल. तोच तुमचा प्रश्न: ‘तिसऱ्या ओळीत शब्द दोन ठिकाणी तोडता येतो. तुम्ही इथेच तोडलात तो कशावरून?’ याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे असतं आणि बहुधा आजवर त्यांना ते कुणी विचारलेलं नसतं.

पहिल्या निरोपात हा प्रश्न असू द्या. सोबत तुम्ही कोण, त्यांचं काय वाचलंत, चाळीस मिनिटं लागतील, त्यांच्या घरी येऊ शकता आणि प्रसारित करण्याआधी त्यांना दाखवाल, एवढं पुरे. स्तुतीची वाक्यं गाळा. त्यांवरून तुम्ही वाचलंय की नाही हे कुणालाच कळत नाही. आठवड्याने एकदा आठवण करावी. तरी उत्तर नाही आलं, तर विषय सोडावा.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. घरचं जुनं खरेदीखत पिशवीत घालून नेऊ नका. मोडी कागदांचं लिप्यंतर हा अनेकांचा पैसे घेऊन करायचा व्यवसाय आहे. कॅमेऱ्यासमोर ‘हेही जरा वाचता का’ म्हणणं म्हणजे फुकटात काम करून घेणं, आणि ते समोरच्याला लगेच कळतं. नोकरी, शिफारस, प्रस्तावना यांचंही तसंच.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला मोबाइल आणि कॉलरला लावायचा माइक पुरतो. पंखा बंद करा, मिनिटभर रेकॉर्ड करून ऐका, मगच सुरुवात करा. पत्राची मोठी छापील प्रत त्यांच्या हातात द्या. अक्षरावर बोट ठेवून माणूस बोलू लागला की तो व्याख्यान विसरतो. उत्तरं पुस्तकी येऊ लागली, तर प्रश्न फार मोठा झाला असं समजा आणि पुन्हा ओळीवर या. त्यांनी आपणहून उठून कपाटातला दुसरा कागद काढला, तर यादीतले उरलेले प्रश्न खुशाल सोडून द्या.

पुष्कळ जण इथेच थांबतात. खरी ओळख मात्र नंतरच्या कामात होते. कच्चं संकलन पाठवताना आधीच स्पष्ट सांगा, की नावं, सनावळ्या, वाचनातल्या चुका दुरुस्त करू. अख्खं बोलणं नव्याने लिहिणार नाही. त्यांनी चूक दाखवली की सुधारलेला भाग पुन्हा पाठवा. प्रेक्षकांनी विचारलेल्या शंकांपैकी बऱ्या दोन-तीन निवडून त्यांच्यापर्यंत न्या. त्यामुळे दुसरा, तिसरा फोन करायला निमित्त शोधावं लागत नाही. उलट मुलाखत घेऊन ती कधीच बाहेर आली नाही, तर मोडीसारख्या लहान वर्तुळात ती गोष्ट पुढच्या माणसाकडे तुमच्या आधी पोचते.

निघताना विचारायचं ते एवढंच: ‘या विषयावर आणखी कुणाशी बोलावं? तुमचं नाव सांगितलं तर चालेल ना?’ काही जण नाव सांगून थांबतात. काही जण तिथल्या तिथे फोन लावतात.