अढीतला आंबा आणि वेलीवरचे द्राक्ष

कोकणात हापूस झाडावर पिकू देत नाहीत. फळ पुरते भरले, देठाजवळचे खांदे वर आले आणि देठ किंचित खळग्यात बसल्यासारखा दिसू लागला की ते हिरवे असतानाच उतरवतात. मग भाताच्या पेंढ्यावर एकेक थर लावून अढी घालतात. साधारण आठ-दहा दिवसांत हिरवा, कडक आंबा केशरी आणि रसाळ होतो.

हे घडते, कारण भरलेल्या आंब्यात साखरेऐवजी पिठूळ स्टार्चचा मोठा साठा असतो. झाडापासून सुटल्यावरही फळ जिवंत असते, श्वसन करत असते. पिकण्याची वेळ आली की त्याचे श्वसन एकदम वाढते आणि फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडू लागते. हा वायू पिकण्याची क्रिया आणखी वेगाने चालवतो: स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ पडतो, वास सुटतो. अढीतल्या पेंढ्यात ऊब टिकते आणि हा वायूही कोंडून राहतो, म्हणून एक आंबा पिकू लागला की शेजारचेही मागे राहत नाहीत. केळी, पपई, चिकू, सीताफळ, फणस आणि टोमॅटो याच गटातले.

मात्र साठा भरण्याआधी तोडलेल्या फळाला अढी काहीच देऊ शकत नाही. कोवळा आंबा सुरकुततो, सालीवर थोडा पिवळा होतो, पण आतून आंबट आणि बेचव राहतो. पाण्यात टाकून याचा अंदाज घेता येतो: भरलेला आंबा सहसा बुडतो, कोवळा तरंगतो. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेल्या आंब्यात हीच फसगत होते. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू इथिलीनसारखे काम करून सालीला रंग चढवतो, पण कोवळ्या फळात नसलेली साखर आणणार कुठून? शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिकचा अंश असू शकतो, म्हणून भारतात फळे पिकवायला त्याच्या वापरावर बंदी आहे.

द्राक्षाची गोष्ट वेगळी. त्याच्यात स्टार्चचा असा साठा नसतो. पानांत तयार झालेली साखर देठातून मण्यात येत राहते आणि घड कापला की ही वाट बंद होते. म्हणून नाशिकचा बागायतदार घड उतरवण्याआधी मण्यांचा रस काढून गोडी मोजतो. त्या दिवशी आंबट असलेले द्राक्ष घरी आठवडाभर ठेवले तरी आंबटच राहील, फक्त सुकेल. डाळिंब, स्ट्रॉबेरी, लिची, अननस, मोसंबी आणि संत्रे हीदेखील अशीच.

संत्र्याच्या बाबतीत रंगही फसवा असतो. साल केशरी व्हायला थंड रात्री लागतात, त्यामुळे उबदार हवेत झाडावरच गोड झालेले नागपुरी संत्रे बाहेरून हिरवे दिसू शकते. इथिलीनच्या खोलीत ठेवले तर त्याच्या सालीतला हिरवेपणा निघून जातो, पण फोडीची चव मात्र तोडली त्या दिवशी होती तशीच राहते.