मदत कक्षाला आधी काय विचारावे?

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, भेटायला कधी जायचे? पण दवाखान्याच्या मदत कक्षाला आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रुग्णाचे नाव कोणत्या कागदाप्रमाणे लिहिले जाईल?

आपल्या घरांत हा प्रश्न जास्तच अडतो. माझ्या खालाचे पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन ठरले. आधार कार्डावर 'शेख' आधी, नावापुढे 'बी'. विम्याच्या कार्डावर 'शेख' शेवटी आणि 'बी' गायब. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तर घरातले हाक मारायचे नाव! आठ दिवस आधी फोन केला तेव्हा मदत कक्षातील बाईंनी स्पष्ट सांगितले, "केस पेपर आधारप्रमाणेच काढा आणि विमा कंपनीकडे नावाची दुरुस्ती आजच टाका. नाहीतर मंजुरीच्या वेळी शंका काढतात." आधारची प्रत जोडून अर्ज केला, दुरुस्ती झाली. सोनोग्राफीवाल्यांनीही रिपोर्ट नव्या नावाने छापून दिला. हे काम दाखल होण्याच्या दिवशी होत नाही.

बाकी कागद सोपे आहेत: डॉक्टरांची दाखल करण्याची चिठ्ठी, जुने रिपोर्ट, विमा कार्ड, विमा ज्याच्या नावे आहे त्याचे आधार आणि पॅन, आणि चालू औषधांची यादी. बीपी-शुगरच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना तपासणीतच दाखवाव्यात. कोणती बंद ठेवायची ते तेच सांगतात.

पैशाबाबत खोलीच्या भाड्याचा प्रश्न अवश्य विचारावा. समजा, विम्यात खोलीची मर्यादा रोज 4,000 रुपये आहे आणि आपण 8,000 ची खोली घेतली. बऱ्याच पॉलिसींत फक्त वरचे 4,000 आपल्यावर येऊन थांबत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मंजूर होतात. औषधांना सहसा ही कपात लागत नाही. 'पाहुण्यांना बसायला जागा हवी' म्हणून मोठी खोली घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

आता भेटीची वेळ. ती बहुधा संध्याकाळी असते, पण डॉक्टरांची फेरी अनेकदा सकाळी होते. म्हणून दोन्ही वेळा वेगवेगळ्या विचाराव्यात. सोबतीचा पास सहसा एकच मिळतो; तो डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकून लिहून घेणाऱ्याकडे असावा, मग तो घरातला थोरला नसला तरी चालेल. आयसीयूत एका वेळी एकालाच, तेही थोडा वेळ सोडतात, आणि लहान मुलांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी दोन रिक्षा भरून मंडळी निघणार होती. खालूंनी सर्वांना फोन करून सांगितले, दुआ घरूनच करा, भेटायला डिस्चार्जनंतर या.