मंगळावर भोर आहे, लोणार आहे. मग भंडारा का नाही?

पुणेकरांनी ऐकून फुशारून जावं अशी गोष्ट आधी सांगून टाकतो. मंगळावर ‘पूना’ नावाचं सुमारे वीस किलोमीटर रुंदीचं विवर आहे. भोरच्या नावाचंही एक आहे, छोटंसं. आणि उत्तर ध्रुवाकडे ‘लोणार’ आहे, आपल्या बुलढाण्याच्या लोणारपेक्षा पाच-सहा पट रुंद!

ही गावं तिथं पोचली ती एका साध्या नियमामुळे. मंगळावरच्या मोठ्या, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटरच्या वरच्या विवरांना दिवंगत शास्त्रज्ञांची नाहीतर मंगळावर लिहिणाऱ्या लेखकांची नावं मिळतात. त्याहून लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची. लहान म्हणजे किती? लोकसंख्या अंदाजे एक लाखाच्या आत. ‘पूना’ हे नाव 1976 सालचं, आणि तेव्हाही पुणं लाखाच्या कितीतरी पुढे गेलेलं. पण पुणेकरांना नियम समजावून सांगायला कोण जाणार?

आता आपल्याकडे बघा. 2011 च्या जनगणनेत भंडारा शहर ब्याण्णव हजारांच्या आसपास. म्हणजे बसतं! तुमसर, पवनी, साकोली तर आरामात बसतात. गोंदिया लाखाच्या वर गेल्यामुळे बाद, आणि नागपूरचं तर नावच काढू नका. शिवाय मंगळावरच्या लहान दऱ्यांना पृथ्वीवरच्या नद्यांची नावं देतात, तेव्हा वैनगंगेलाही दार उघडं आहे.

मग अर्ज कोण करणार? नावं मंजूर करतो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ आणि त्यांची नोंदवही सांभाळते अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था. नाव कोणीही सुचवू शकतो, फी नाही. मेख पुढे आहे. ‘आमच्या गावाचा मान’ हे कारण चालत नाही. त्या विवराला नाव असण्याची शास्त्रीय गरज दाखवावी लागते. कोणीतरी त्याचा अभ्यास करतंय, त्यावर लेख लिहितंय आणि दर वेळी अक्षांश-रेखांश सांगून वैतागलंय, अशी स्थिती हवी. संघ तर स्पष्टच म्हणतो की गावांची यादी म्हणजे नावांचा भरपूर साठा, त्यात कुठल्याही गावाचा गौरव अभिप्रेत नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने 2024 मध्ये दाखवलं. तिथले शास्त्रज्ञ मंगळाच्या थार्सिस भागातलं सुमारे 65 किलोमीटरचं एक विवर तपासत होते. ते सगळं लाव्हाने झाकलेलं, पण रडारने लाव्हाखाली गाळाचा जाड थर दाखवला. एके काळी तिथं पाणी वाहिल्याची ती खूण. मोठ्या विवराला संस्थेचे माजी संचालक देवेंद्र लाल यांचं नाव मिळालं. त्याच्या काठावरची दहा-दहा किलोमीटरची दोन विवरं झाली ‘मुरसान’ आणि ‘हिलसा’, एक उत्तर प्रदेशातलं गाव, दुसरं बिहारातलं. मुरसान हे संस्थेच्या तेव्हाच्या संचालकांचं जन्मगाव आणि हिलसा त्याच चमूतल्या एका शास्त्रज्ञाचं. गौरव अभिप्रेत नाही म्हणे! नियम नियमाच्या जागी आणि गावची माया मायेच्या जागी.

शुक्रावरचा कायदा वेगळा. तिथं जवळजवळ बायकांचंच राज्य. वीस किलोमीटरहून मोठ्या विवरांना कर्तबगार दिवंगत स्त्रियांची आडनावं, त्याहून लहान विवरांना जगभरातली बायकांची साधी नावं. तिथं ‘जोशी’ विवर आहे ते डॉ. आनंदीबाई जोशींचं, ‘मेधावी’ आहे ते पंडिता रमाबाईंचं आणि ‘झिराड’ आहे ते मुंबईत प्रसूतिशास्त्र गाजवणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड यांचं. माझ्या मते या सगळ्या यादीतली ही सर्वांत देखणी तिकडी.

लघुग्रहांचा कायदा आणखी निराळा. नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, पण कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळाल्यावरच. याला अनेकदा वर्षं जातात. नाव सोळा अक्षरांत बसवायचं, जाहिरातीचं नको आणि राजकारणी असेल तर मृत्यूनंतर शंभर वर्षं थांबायचं. (आपल्या चौकांना हा नियम लागला तर निम्मे चौक बिननावाचे राहतील.) पंडित जसराजांचा लघुग्रह 2006 मध्ये सापडला, नाव मिळालं 2019 मध्ये. त्याचा क्रमांक 300128 दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून उलटा वाचा: 28-01-30, म्हणजे पंडितजींची जन्मतारीख.

धूमकेतूचं मात्र सोपं. सुचवणं वगैरे नाहीच. ज्याने शोधला त्याचं नाव. आजकाल बहुतेक धूमकेतू यांत्रिक दुर्बिणींच्या मोहिमा शोधतात, म्हणून डझनावारी धूमकेतूंचं आडनाव एकच, ‘पॅन-स्टार्स’ किंवा ‘ॲटलस’.

तेव्हा भंडाऱ्याच्या पोरापोरींनो, पैसे घेऊन ताऱ्याला नाव देतो म्हणणाऱ्या कंपन्यांच्या नादी लागू नका. त्या प्रमाणपत्राला खगोलसंघाकडे शून्य किंमत आहे. ग्रहविज्ञान शिका, मंगळावरचं एखादं बिननावाचं विवर अभ्यासाला घ्या आणि अर्ज टाका. फक्त जरा घाई करा, पुढच्या जनगणनेत भंडारा लाखाच्या वर गेलं तर पाळी तुमसरची.