कापार्रा म्हणजे डिपॉझिट नव्हे

इटलीतील दुकानाच्या भाडेकराराचा अनुवाद करताना सर्वाधिक घोटाळा ‘कापार्रा’ या शब्दावरून होतो. इटालियन लोक रोजच्या बोलण्यात मालकाकडे आगाऊ ठेवलेल्या कोणत्याही रकमेला कापार्रा म्हणतात. १९४२ च्या नागरी संहितेत मात्र त्याचा अर्थ ठरलेला आहे. व्यवहार पक्का करताना दिलेली ही रक्कम असते. देणारा फिरला तर ती बुडते, घेणारा फिरला तर त्याला दुप्पट परत करावी लागते. व्यवहार ठरल्याप्रमाणे पार पडला तर ती परत मिळते किंवा देण्यात वळती होते. मराठीत याला ‘विसार’ हा शब्द चांगला बसतो.

भाडेकरूने केलेले नुकसान किंवा थकलेले भाडे वसूल करता यावे म्हणून ठेवलेली रक्कम वेगळी. ती ‘देपोझितो काउत्सिओनाले’, म्हणजे आपली अनामत. १९७८ च्या ३९२ क्रमांकाच्या कायद्यानुसार ती तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि तिच्यावरचे व्याज दरवर्षी भाडेकरूला द्यावे लागते.

समजा, तुरीनमधल्या एका दुकानाचे भाडे महिना २,००० युरो आहे. प्राथमिक करार करताना ४,००० युरो कापार्रा दिला आणि मुख्य करारावर सही करताना ६,००० युरो अनामत ठेवली. सहीआधी मालकाने माघार घेतली, तर भाडेकरू ८,००० युरो मागू शकतो. अनुवादात दोन्हीकडे ‘डिपॉझिट’ असेल, तर हा हक्क वाचकाच्या लक्षातच येणार नाही. केवळ ‘विसार’ लिहूनही भागत नाही, कारण दुप्पट परतफेड मराठी वाचक गृहीत धरीलच असे नाही. ते कलम पूर्ण उतरवायला हवे. उलट, करारात ‘कापार्रा’ लिहून पुढे ‘भाडेकरार संपल्यावर, जागेची पाहणी करून परत’ असे असेल, तर ती बहुधा अनामतच असते. अशा वेळी शीर्षकापेक्षा कलमातला मजकूर प्रमाण मानावा. मूळ शब्द आणि मजकूर जुळत नाहीत, हे टिपेत नोंदवावे. अनुवादकाने परस्पर दुरुस्ती करू नये.

‘कापार्रा पेनितेन्त्सिआले’ हा आणखी एक प्रकार. इथे माघारीचा हक्क करारातच दिलेला असतो आणि रक्कम ही त्या हक्काची किंमत असते. ‘माघारीचा विसार’ म्हटले तर अर्थ नीट पोचतो.

‘कानोने’ म्हणजे भाडे. शब्द सोपा असला तरी दुकानांच्या करारांत कानोने बहुधा वर्षाचे लिहितात आणि हप्ते महिन्याचे किंवा तिमाहीचे पाडतात. वरच्या दुकानाच्या करारात २४,००० हा आकडा दिसेल. तिथे ‘वार्षिक’ हा शब्द गाळला तर अनर्थ होईल. इमारतीच्या देखभालीचा खर्च सहसा वेगळ्या कलमात असतो, म्हणून कानोनेसाठी ‘एकूण भाडे’ लिहू नये.