भाव कुणाचा चांगला? तक्ता मांडून पाहू

ब्रिटनमध्ये सामन्यावर पैज लावणं कायदेशीर आहे. बुकमेकरना परवाना लागतो आणि त्यांच्यावर गॅम्बलिंग कमिशनची देखरेख असते. भारतात २०२५च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यामुळे पुढचं सगळं गणित तिकडच्या बाजाराचं आहे.

एकाच सामन्याला तीन बुकमेकर तीन भाव देतात. ते शेजारी शेजारी मांडले की कोण किती कापून घेतो हे दिसतं. उदाहरणापुरता फुटबॉलचा एक सामना घेऊ. निकाल तीनच: यजमान जिंकणार, बरोबरी होणार किंवा पाहुणे जिंकणार. पहिला बुकमेकर अनुक्रमे २.१०, ३.४० आणि ३.६० भाव देतो. दुसरा २.०५, ३.५० आणि ३.७० देतो, तर तिसरा २.१५, ३.२० आणि ३.५०. भाव २.१० म्हणजे एक पाउंड लावून जिंकलात, तर लावलेला पाउंड धरून २ पाउंड १० पेन्स हातात येतात.

स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात निकाल लिहा आणि C, D, E या रकान्यांत तिघांचे भाव भरा. पहिली ओळ बुकमेकरांच्या नावांची, म्हणून भाव दुसऱ्या ते चौथ्या ओळीत येतात. F2 मध्ये सर्वांत चांगला भाव आणि G2 मध्ये तो कुणाचा, हे असं काढायचं:

```
=MAX(C2:E2)
=INDEX($C$1:$E$1,MATCH(F2,C2:E2,0))
```

ही दोन्ही सूत्रं खालच्या दोन ओळींत ओढून घ्या. दोघांचा भाव सारखाच असेल तर दुसरं सूत्र पहिलंच नाव दाखवतं. म्हणून C2:E4 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये पुढचा नियम द्या आणि हिरवा रंग निवडा. मग बरोबरीचे भाव एकदमच हिरवे होतात.

```
=C2=MAX($C2:$E2)
```

आता मार्जिन. एक भागिले भाव केलं की त्या भावात दडलेली शक्यता मिळते. तिन्ही निकालांच्या शक्यतांची बेरीज खरं तर १०० टक्के व्हायला हवी. ती जितकी वर जाते, ते बुकमेकरचं मार्जिन. C5 मध्ये हे सूत्र लिहून F5 पर्यंत ओढा:

```
=IF(COUNT(C2:C4)=3,SUMPRODUCT(1/C2:C4)-1,"")
```

टक्केवारीत पाहिलं तर पहिल्याचं मार्जिन ४.८१, दुसऱ्याचं ४.३८ आणि तिसऱ्याचं ६.३३ निघतं. तिसरा सर्वांत महागडा, तरीही यजमानांचा सर्वांत चांगला भाव, २.१५, त्याच्याचकडे आहे! मार्जिन तिन्ही निकालांचं मिळून असतं आणि ते तिघांवर सारखं वाटलेलं नसतं. म्हणूनच ‘स्वस्त’ बुकमेकर ठरवून त्याच्याकडेच जाणं चुकीचं. भाव दर निकालाला वेगळा पाहावा लागतो.

सूत्रातली COUNTची अट मुद्दाम घातली आहे. बरोबरीचा भाव भरायचा राहिला, तर अटीशिवाय सूत्र चूक दाखवतं. बरोबरीची ओळच मांडली नाही, तर मार्जिन उणे दिसून भुलवतं. दुसरा घोटाळा इंग्लंडच्या जुन्या पद्धतीचा. तिथं भाव 6/4 असा लिहितात आणि तो तसाच टाइप केला की स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. सहाला चारनं भागून एक मिळवा आणि २.५० भरा.

बेटिंग एक्स्चेंजचा भाव तर जसाच्या तसा घ्यायचाच नाही, कारण तिथं जिंकलेल्या रकमेवर कमिशन कापतात. २.२० भाव आणि ५ टक्के कमिशन असेल, तर नफ्याचे १.२० पाउंड १.१४ होतात. खरा भाव २.१४, म्हणजे आपल्या तिसऱ्या बुकमेकरपेक्षा कमीच. तक्त्यात हाच निव्वळ भाव लिहा.

F5 मध्ये मात्र तिघांचे उत्तम भाव एकत्र करून मार्जिन येतं: २.११ टक्के. हा आकडा कधी उणे दिसला तर हुरळून जाऊ नका, आधी चूक शोधा. एखादा भाव अर्ध्या तासापूर्वीचा असतो. कप सामन्यात एकीकडे पैज ९० मिनिटांच्या निकालावर असते, तर दुसरीकडे ‘पुढच्या फेरीत कोण जाणार’ यावर, आणि त्यात जादा वेळही धरलेला असतो. या दोन पैजा एका ओळीत बसत नाहीत. प्रत्येक भावाची वेळ आणि पैजेची अट शेजारच्या रकान्यात लिहून ठेवली तर हे चटकन सापडतं.

आणि सगळं बिनचूक भरलं तरी काय हाती येतं, तेही पाहा. १०० पाउंड तिन्ही निकालांवर योग्य प्रमाणात वाटले, तर निकाल कोणताही लागो, एकट्या तिसऱ्या बुकमेकरकडे ९४.०४ पाउंड परत मिळतात. तक्त्यातले सर्वोत्तम भाव निवडून घेतले, तर ९७.९३.