आधी काय संपेल? थर्मिटच्या मुशीतला मोलचा हिशोब

रेल्वेचे दोन रूळ जागेवरच जोडायचे असतात तेव्हा अनेकदा थर्मिट वेल्डिंग करतात. रुळांच्या टोकांमध्ये थोडी फट ठेवून तिच्याभोवती साचा बसवतात आणि वर एक मूस ठेवतात. मुशीत लोखंडाचं ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचं मिश्रण असतं. ते पेटलं की ॲल्युमिनियम ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मिश्रणाचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही बरंच वर जातं. सुटं झालेलं लोखंड वितळून तळाशी बसतं, तर हलकं ॲल्युमिनियम ऑक्साइड धातुमळीसारखं वर तरंगतं. तळाचं लोखंड साच्यात उतरतं आणि फट भरून निघते. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात ही पद्धत घडवली. १८९९ मध्ये एसेन शहरातले ट्रामचे रूळ तिने जोडले गेले.

अकरावीच्या रसायनशास्त्रात मोल आणि ‘लिमिटिंग रीएजंट’ हे दोन शब्द आले की अनेक मुलं गोंधळतात. या एका अभिक्रियेवर दोन्ही नीट उलगडता येतात. तिचं संतुलित समीकरण असं:

Fe₂O₃ + 2Al → Al₂O₃ + 2Fe

हे समीकरण वजनांबद्दल काहीच सांगत नाही, ते फक्त संख्या सांगतं. फेरिक ऑक्साइडच्या एका एककात लोखंडाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. ते तीन ऑक्सिजन सामावून घ्यायला ॲल्युमिनियमचे दोन अणू लागतात. म्हणजे प्रमाण एकास दोन. ‘एक ग्रॅम ऑक्साइडला दोन ग्रॅम ॲल्युमिनियम’ असं ते वाचलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

पण अणू मोजणार कसे? हार्डवेअरच्या दुकानात खिळे एकेक करून मोजत नाहीत, तराजूत टाकतात. एका खिळ्याचं वजन माहीत असलं की एकूण वजनावरून नग काढता येतात. रसायनशास्त्रातही तेच करतात, फक्त अणू इतके लहान असतात की नगाऐवजी एक प्रचंड गठ्ठा धरावा लागतो. त्या गठ्ठ्याचं नाव मोल. एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण असतात, यालाच ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच कायमचा निश्चित केलेला आहे.

हाच आकडा सोयीचा, कारण त्यामुळे अणुवस्तुमान थेट ग्रॅममध्ये वाचता येतं. ॲल्युमिनियमचं अणुवस्तुमान २७, म्हणून त्याच्या एका मोलचं वजन २७ ग्रॅम. लोखंडाचं ५६, म्हणून एक मोल लोखंड ५६ ग्रॅम. फेरिक ऑक्साइडमध्ये दोन लोखंड आणि तीन ऑक्सिजन, म्हणजे ११२ अधिक ४८, एकूण १६० ग्रॅम. २७ ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये जेवढे अणू असतात, तेवढीच एककं १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइडमध्ये असतात. वजनं वेगळी आहेत, संख्या एकच आहे.

आता गणित सोडवू. मुशीत ३२० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि १३५ ग्रॅम ॲल्युमिनियम घेतलं, तर लोखंड किती मिळेल?

पहिली पायरी ग्रॅमचे मोल करण्याची. ३२० भागिले १६०, म्हणजे २ मोल ऑक्साइड. १३५ भागिले २७, म्हणजे ५ मोल ॲल्युमिनियम.

दुसरी पायरी गरज आणि साठा ताडून पाहण्याची. एका मोल ऑक्साइडला दोन मोल ॲल्युमिनियम लागतं, म्हणून २ मोलना ४ मोल लागेल. आपल्याकडे ५ आहेत. याचा अर्थ ऑक्साइड पूर्ण संपेल आणि १ मोल, म्हणजे २७ ग्रॅम ॲल्युमिनियम उरेल. जो पदार्थ आधी संपून अभिक्रिया थांबवतो तोच लिमिटिंग रीएजंट. इथे तो ऑक्साइड आहे, वजनाने दुपटीहून जास्त असूनही.

तिसरी पायरी उत्तराची, आणि ती नेहमी संपणाऱ्या पदार्थावरूनच काढायची. २ मोल ऑक्साइडपासून ४ मोल लोखंड, म्हणजे २२४ ग्रॅम. सोबत २ मोल ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार होतं. त्याचा एक मोल १०२ ग्रॅमचा, म्हणून २०४ ग्रॅम. कुणी ५ मोल ॲल्युमिनियमवरून हिशोब केला तर लोखंड २८० ग्रॅम येईल. पण ३२० ग्रॅम ऑक्साइडमध्ये मुळात २२४ ग्रॅमच लोखंड आहे. उरलेलं येणार कुठून?

हे उदाहरण पाहून काही विद्यार्थी नवा नियम बांधतात: वजन बघायचं नाही, ज्याचे मोल कमी तो लिमिटिंग. वरच्या गणितात हा नियम लागू पडला, पण तो योगायोग होता. ऑक्साइड तेवढंच ठेवू आणि ॲल्युमिनियम ८१ ग्रॅम, म्हणजे ३ मोल घेऊ. ऑक्साइडचे मोल २, ॲल्युमिनियमचे ३. मोल कमी आहेत ऑक्साइडचे. पण २ मोल ऑक्साइडला ४ मोल ॲल्युमिनियम हवं आणि आहेत ३. आता आधी संपेल ते ॲल्युमिनियम. ३ मोल ॲल्युमिनियमपासून ३ मोल, म्हणजे १६८ ग्रॅम लोखंड मिळेल. ऑक्साइडचे दीड मोल खर्ची पडून अर्धा मोल, म्हणजे ८० ग्रॅम, तसंच राहील.

म्हणून बिनचूक पद्धत एकच: प्रत्येक पदार्थाचे मोल समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने भागायचे आणि ज्याचं उत्तर लहान, तो लिमिटिंग. पहिल्या गणितात ऑक्साइडचं उत्तर २ आणि ॲल्युमिनियमचं पाच भागिले दोन, म्हणजे २.५. दुसऱ्यात ऑक्साइडचं २ आणि ॲल्युमिनियमचं १.५.

कागदावरचं हे उत्तर जास्तीत जास्त किती मिळेल एवढंच सांगतं. प्रत्यक्षात कच्चा माल शुद्ध नसतो. आपलं ३२० ग्रॅम ऑक्साइड ९० टक्केच शुद्ध असेल, तर खरं ऑक्साइड २८८ ग्रॅम, म्हणजे १.८ मोल, आणि लोखंड २०१.६ ग्रॅमवर येतं. शिवाय ‘उरलेलं’ ॲल्युमिनियम मुशीत वेगळं पडून राहत नाही, ते वितळलेल्या लोखंडात मिसळतं आणि जोडाचे गुणधर्म बदलतं. म्हणूनच थर्मिटचं मिश्रण कारखान्यात मोजून, पाकिटबंद करून येतं, जागेवर अंदाजाने कालवलं जात नाही. घरी किंवा शाळेत कुणीही हा प्रयोग करू नये. वितळलेलं लोखंड आणि त्याच्या ठिणग्या जीवघेण्या ठरू शकतात.

उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायला दुसऱ्या कुणाची गरज नाही. सुरुवातीचं एकूण वजन आणि शेवटचं एकूण वजन सारखं यायलाच हवं. पहिल्या गणितात ३२० अधिक १३५, म्हणजे ४५५ ग्रॅम आत गेले, आणि २२४ अधिक २०४ अधिक २७, म्हणजे ४५५च बाहेर आले. दुसऱ्यात ४०१ ग्रॅम आत गेले, आणि १६८, १५३ व ८० मिळून ४०१ बाहेर आले. उत्तराखाली रेघ मारण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने ही बेरीज करावी. ती जुळली नाही, तर चूक बहुतेक दुसऱ्या पायरीतच सापडेल.